शून्यावरची सुई

काका माझे नात्याने कोणी नव्हते. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्यायला निघालेल्या आम्हा चार-पाच जणांना त्यांनी मोर्स, म्हणजे टिंबं-रेघा ठोकून निरोप पाठवायची लिपी, शिकवली, एवढंच. पण शिकवताना माझ्या बोटांवर स्टीलची पट्टी मारण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे घेतला आणि मी तो दिला. मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि स्वतःला बरीच शहाणी समजत होते. काकांची सगळी नोकरी प्रक्षेपण केंद्रात मोठाले ट्रान्समीटर सांभाळण्यात गेली होती. आम्ही दोघंही हट्टी, दोघंही तोंडाने तिखट, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं.

काकांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला एक डबा बघावाच लागायचा. अ‍ॅल्युमिनियमचा, साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. आत एक कॉइल आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेला एक गँग कंडेन्सर, म्हणजे पाती फिरवून कमीजास्त करता येणारा कंडेन्सर. बस, दोनच वस्तू. पाहुणा चहा पीत असला तरी काका डबा त्याच्या मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "सांग, यात काय जादू आहे?"

ती खरोखर सुंदर गोष्ट होती, म्हणून इथे सांगते. आमच्या रेडिओ सेटला समोर पन्नास ओहमचा रोध दिसला तरच तो आपली सगळी शक्ती मोकळेपणाने देतो. आणि आम्ही डोंगरात झाडाला बांधतो ती अर्ध्या तरंगाएवढी लांब तार, तिला टोकाकडून जोडलं तर ती जवळजवळ अडीच हजार ओहम दाखवते. दोघांना थेट जोडलं तर सेटने पाठवलेलं बहुतेक सगळं तारेच्या तोंडावरून मागे फिरतं. म्हणून मध्ये हा डबा. सेटकडून येणाऱ्या वाटेत कॉइल, आणि तारेच्या बाजूला, तार आणि जमीन यांच्यामध्ये कंडेन्सर. कंडेन्सर नेहमी जास्त ओहमच्या बाजूला लावायचा. उलटं लावलंत तर जन्मभर गँग फिरवत बसा, काही जुळायचं नाही. नीट लावलं की कंडेन्सरमुळे ते अडीच हजार ओहम पन्नाससारखे दिसू लागतात, पण सोबत कंडेन्सरचा स्वतःचा एक अडसर येतो. तो अडसर कॉइल बरोबर तेवढ्याच उलट्या ताकदीने फेडून टाकते. हे फक्त ठरलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीला नेमकं जुळतं. आमचा सेट क्रिस्टलवर चालणारा, एकाच फ्रिक्वेन्सीचा, त्यामुळे आम्हाला तेवढं पुरे होतं.

"आणि मधल्या दोघांनी काही खायचं नाही," काका म्हणायचे. "आलं तेवढं पुढे द्यायचं. दलाली घेतली तर डबा गरम होतो."

जुळलं की नाही ते सांगायला सेट आणि डबा यांच्यामध्ये एक मीटर असायचा. किती शक्ती परत येते ते त्याची सुई दाखवायची. सुई शून्यावर म्हणजे परत काही येत नाही, सगळं पुढे गेलं. तार न ताणता घरीच जुळवाजुळव करता यावी म्हणून काकांनी डब्याच्या मागच्या पत्र्यावर कार्बनच्या रेझिस्टरांचा एक गठ्ठा बसवला होता, तोही बरोबर तारेएवढ्या ओहमचा. बाहेर एक खटका. खटका खाली केला की डब्याला तो गठ्ठा जोडला जायचा, वर केला की तार. आधी गठ्ठ्यावर सुई शून्यावर आणायची, मग खटका वर करायचा. सुई जागची हलली नाही की समजायचं, तारही तेवढ्याच ओहमची आहे. एवढं झालं की काका भुवया उंचावून पाहुण्याकडे बघायचे. पाहुण्याला बहुधा काहीच कळलेलं नसायचं, पण तो मान डोलवायचा.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस हटता हटेना. सुरगाण्याकडच्या डोंगरातले पाडे वारंवार तुटत होते, मोबाइलचे टॉवर वीज गेली की मुके होत होते. काकांच्या डोक्यात बसलं की अशाच वेळी तिथे जाऊन सेट लावून बघायचा. मी म्हटलं, पाऊस ओसरू द्या. "पाऊस नसताना पुराची तालीम करून काय लोणचं घालायचंय?" असं मला ऐकवून त्यांनी बॅग भरली. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस. घरात त्यांना अडवायला कोणी नव्हतं आणि मला त्यांना अडवायची सवय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी डब्याचा खटका बदलला. जुना सैल झाला होता. नवा घालून, जाड तार डाग देऊन, गच्चीवरच्या तारेवर त्यांनी मला करून दाखवलं. खटका खाली, सुई शून्य. खटका वर, सुई शून्य. पूर्वी खटका वर करताना सुई थोडी थरथरायची, या वेळी तीही नाही.

"बघ," ते म्हणाले, "केसभर हलत नाही. इतकं जुळलेलं तू आयुष्यात पाहिलं नसशील."

खरंच पाहिलं नव्हतं. मी कौतुकही केलं. ते खुलले.

डोंगरात आम्हाला पाड्यावरच्या शाळेची पडवी मिळाली. शाळेला सुट्टी होती. चावी पाड्यातल्या एका शेतकऱ्याकडे असायची, नागली आणि भात करणारा चाळिशीतला माणूस. त्याने आमची तार सागाच्या दोन झाडांना बांधून दिली आणि आम्ही नक्की काय विकायला आलोय हे समजून घ्यायचा थोडा प्रयत्न केला. आम्हाला सोडून जीप खाली गेली ती संध्याकाळी परत येणार होती. नाशकात आमच्यातला तिसरा गडी, द्राक्षबागांची औषधं विकणारा दुकानदार, दुकानाच्या मागच्या खोलीत सेट लावून बसला होता. आम्ही हाक मारायची, त्याने उत्तर द्यायचं. एवढीच तालीम.

काकांनी गठ्ठ्यावर सुई शून्यावर आणली. खटका वर केला. सुई शून्यावरच. त्यांनी की, म्हणजे मोर्स ठोकायचं बटण, दाबून हाक मारली आणि आम्ही ऐकत बसलो. उत्तर नाही. पुन्हा हाक. हेडफोनमध्ये साधी खरखरही फारशी नव्हती. लांबचं एखादं मोठं स्टेशन अगदी बारीक यायचं, जसं शेजारच्या घरात कोणी कुजबुजावं.

"बँड मेलाय का आज? आकाशातून काहीच येत नाहीये." मी विचारलं.

"इथे शहराचा कचरा नाही गं. वीज नाही, मोटारी नाहीत. शांत असणारच," काका म्हणाले.

ते पटण्यासारखं होतं. मला मात्र ती शांतता आवडली नाही. बाहेर वारा तारेला झोके देत होता, पाऊस आडवा लागत होता, आणि आत ही सुई चित्रातल्यासारखी बसलेली. मला उगाचच तिच्याकडे बघू नये असं वाटू लागलं.

दुपारच्या जेवणाच्या सुमारास शेतकरी भिजून वर आला. "खालचा फरशी पूल गेला पान्याखाली," तो म्हणाला. "जीप नाय येनार आता वर. उद्याचं उद्या बघायचं."

काकांनी नुसती मान हलवली. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा राखाडी झाला होता, कपाळावर घाम होता, आणि थंडीने तर मी स्वेटर घालून बसले होते. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता. विचारलं तर म्हणाले, पित्त आहे. मी खूप पित्त पाहिलंय. असं नसतं ते.

मी माझ्याजवळची अ‍ॅस्पिरिनची एक गोळी त्यांना चावायला दिली आणि शेतकऱ्याला बाजूला घेतलं. तो लगेच समजला. त्यांच्याकडे बाळंतिणी आणि साप चावलेले असेच झोळीतून नेतात.

"बाबाला झोळीत घालू, चार गडी लावू," तो म्हणाला. "पन न्यायचं कुठं ते सांगा बाई. खाली पूल नाय. वरल्या अंगानं कळवनचा डांबरी रस्ता हाय, लय चालावं लागंल. आन तिथं गाडी नसंल तर काय? भर पावसात रस्त्यावर ठेवायचं का बाबाला?"

म्हणजे सगळं त्या तारेवर येऊन ठेपलं. नाशकात हाक पोचली तर तो दुकानदार फोन करणार, कळवणहून गाडी निघणार, डांबरी रस्त्यावर येऊन थांबणार. हाक पोचली नाही तर आम्ही एका आजारी माणसाला डोंगर चढवून कोणी येणार नाही अशा रस्त्यावर नेऊन ठेवणार. शेतकरी झोळीची माणसं जमवायला गेला आणि मी की हातात घेतली.

मी हाक मारत राहिले. मदत हवी आहे, वृद्ध माणूस, हृदयाचा त्रास, कळवणच्या बाजूला गाडी पाठवा. थांबायचं, ऐकायचं, पुन्हा पाठवायचं. सेट पूर्ण ताकदीने देत होता, बॅटरी चांगली होती, सुई शून्यावर. सगळं जात होतं आणि कुठेच पोचत नव्हतं. दुकानदाराला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. कुठे गेला असेल हा, गिऱ्हाइकाला बुरशीचं औषध मोजून देत बसला असेल. मग वाटलं, आकाशच मिटलंय. मग मला सरळ भीती वाटू लागली, लहानपणी बंद खोलीत वाटायची तशी, आणि काकांना ती दिसू नये म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली.

"मॅचिंग बघ," काका मागून म्हणाले.

"बघितलं."

"सुई?"

"शून्य."

"मग जातंय," ते म्हणाले. "चालू ठेव. सुई खोटं बोलत नाही."

ते सतरंजीवर माझ्या शेजारी कुशीवर झाले होते. मीटर आणि डबा आमच्या दोघांच्या मध्ये. त्यांचा उजवा हात डब्याच्या मागच्या पत्र्यावर होता. मला वाटलं, आधाराला ठेवला असेल. माझा धीर वाढावा म्हणून असेल. मी की दाबत राहिले. वाऱ्याने पडवीच्या पत्र्याचा एक कोपरा आपटत होता, तार बांधलेली सागाची फांदी वरखाली होत होती, आणि अखेर माझ्यातली फिजिक्सवाली बाई जागी झाली.

तार इतकी हलतेय. ओली होतेय. जमिनीपासून वर जातेय, खाली येतेय. तिचा रोध एका जागी राहणं शक्यच नाही. मग सुई का हलत नाही?

जिवंत तार अशी बसत नाही. अशी फक्त एकच गोष्ट बसते.

मी की सोडली आणि डबा उचलायला हात घातला. काकांच्या बोटांखाली पत्रा गरम होता. चांगला गरम, चहाचं भांडं हाताला लागावं तेवढा. बाकी सगळा डबा गार होता.

मी पाठवलेला शब्द न् शब्द त्या पत्र्यात गेला होता. खटक्याचा दांडा वर होता, पण आतली पट्टी गठ्ठ्याला चिकटूनच बसलेली होती. जाड तारेला डाग देताना नव्या खटक्याचं प्लॅस्टिक वितळलं असणार. कॉइल आणि कंडेन्सर आपलं काम अगदी चोख करत होते. गठ्ठाही बरोबर तेवढ्याच ओहमचा होता, म्हणून परत काही येत नव्हतं. सुई खरंच खोटं बोलत नव्हती. सगळं पुढे जातंय एवढंच ती सांगत होती. पुढे कोण आहे हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी पकडीने गठ्ठ्याची वायर तोडली. खटक्यावरून बाहेरची तार सोडवली आणि थेट कंडेन्सरच्या टोकाला पिळून बांधली. ती दोनदा निसटली. ती बसली तशी हेडफोनमध्ये खरखर उसळली, विजांची, लांबच्या स्टेशनांची, सगळ्या जगाची. मी की दाबली. सुई वर चढली, वाऱ्याबरोबर डुलू लागली. गँग जरासा फिरवून मी तिला खाली आणलं. ती शून्याजवळ आली, पण थरथरत राहिली. मला रडू आलं.

पहिल्याच हाकेला उत्तर आलं. दुकानदार बिचारा सकाळपासून जागचा उठला नव्हता. त्याने आधी ठोकलं ते असं, की अखेर सापडलात, मला वाटलं काका अजून डबाच लावत बसलेत. मग माझा निरोप त्याने घेतला, एक शब्द परत विचारला, आणि गाडी निघते, एवढं पाठवून तो फोनकडे पळाला असणार.

मला ते मोठ्याने वाचून दाखवायची गरज नव्हती. हेडफोन मी बाजूला काढून ठेवले होते, आवाज मोठा होता आणि काकांचे कान शाबूत होते. सकाळपासून नाशकात काहीच पोचलं नव्हतं हे त्यांनी माझ्याबरोबरच ऐकलं. ते डोळे मिटून होते. त्यांनी काही विचारलं नाही. काय बिघडलं होतं, कसं काढलं, काहीच नाही. एरवी सगळं खोदून विचारल्याशिवाय ते मला पकड हातातून खाली ठेवू देत नसत.

झोळी निघाली तेव्हा दुपार कलली होती. कांबळ्याची, बांबूला बांधलेली, चार गडी आलटून पालटून. मी मागून छत्री धरून चालत होते, तिचा काही उपयोग नव्हता. वाटेत शेतकरी एकदाच बोलला. "दुपारीच नेलं असतं बाई, तर वाट बरी व्हती. पान्यानं आता निसटतंय." तो मला बोल लावत नव्हता. वाटेबद्दलच सांगत होता. तरी मी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि तो गप्प राहिला.

डांबरी रस्त्यावर गाडी उभी होती. दिवे लावलेले, वायपर चालू, दार उघडं. ती नुसती बघून मला इतका राग आला की काय सांगू. इतकं सोपं होतं ते. दुपारीसुद्धा तिथे उभी राहिली असती.

गाडीत मी काकांच्या डोक्याशी बसले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. घाट उतरताना त्यांनी तो बोटाने बाजूला केला.

"पत्रा गरम होता," ते म्हणाले.

"हो काका. खटका गेला होता. बोलू नका."

"तू बघायच्या आधीपासून."

मला आधी कळलंच नाही. मी मास्क परत बसवायला हात नेला, त्यांनी मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "हात ठेवला तेव्हाच. तू पाठवायला लागलीस ना, थोड्या वेळाने."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी मनगट सोडलं. गाडी वळणावर कलली, सलाइनची बाटली डुलली, गाडीबरोबर आलेल्या मदतनीस मुलाने ती धरली.

"सुई शून्यावर होती," काका म्हणाले. "इतकी छान जुळली होती गं."

 मला त्यांना मारावंसं वाटलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घ्यावंसं वाटलं. उभ्या आयुष्यात मला एवढा राग कोणाचा आला नाही. एका माणसाला कळतं की आपली हाक कुठेच जात नाहीये, ती आपल्याच तळहाताखाली जिरतेय, आणि तो हात तिथेच ठेवून निपचित पडून राहतो, कारण हात उचलला तर बोलावं लागेल. आणि शेजारी बसलेल्या मला म्हणतो, चालू ठेव.

मास्क मी परत लावला. त्यांनी तो पुन्हा काढला नाही. कळवण आलं तेव्हा बरोबरच्या मुलाने काकांच्या नाडीवरची बोटं काढून घेतली, माझ्याकडे बघणं टाळलं, आणि ड्रायव्हरने भोंगा बंद केला.